दसऱ्याच्या संध्याकाळी, दुकानाच्या पायरीवरून

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी जरा पुढं सरका, रस्त्यावरून गाड्या चालल्यात. आजी, तुम्ही त्या खुर्चीवर बसा. ती तुमच्यासाठीच ठेवलीय.

मला भाषण करता येत नाही. भांडी विकताना मी तासभर बोलू शकतो, पण आज विकायचं काही नाही, त्यामुळे हात मोकळे पडलेत आणि त्यांचं काय करायचं ते कळेना. म्हणून ही परात हातात धरलीय. कुणी हसू नका.

आज २ ऑक्टोबर, दसरा. पाच वर्षांपूर्वी, २०२० च्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला, रविवारी सकाळी हे शटर पहिल्यांदा वर गेलं. तेव्हा तोंडाला मास्क, दारात सॅनिटायझरची बाटली आणि लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा. भांड्याचं दुकान लग्नावर चालतं. पन्नास माणसांच्या लग्नात आहेर कोण करणार आणि रुखवत कोण बघायला येणार? मी बावीस वर्षं गणपती पेठेत दुसऱ्याच्या दुकानात काउंटरला होतो. तिथले सोबती म्हणाले, 'अरे, लोक दुकानं बंद करतायत आणि तू उघडतोयस!' त्यांचं बरोबर होतं. पण जागा त्याच साली कमी भाड्यात मिळाली, आणि माझं वय काही थांबणार नव्हतं.

पहिल्या दिवशीची विक्री १,८४० रुपये. भवानी केली ती या आजींनी. चहाची गाळणी, पंचवीस रुपये. वीसला मागितली. मी म्हटलं, आजी, आज मुहूर्त आहे, घासाघीस नको. तर म्हणाल्या, 'मुहूर्त आहे म्हणूनच करतेय, तुला सवय लागायला पाहिजे.' वीसला दिली. तेव्हापासून दर दसऱ्याला आजी सकाळी येतात, काहीतरी घेतात आणि पाच रुपये कमी करतात. आज सकाळी सांडशी नेली. पाच कमी केले. मास्कमुळे पहिले सहा महिने मी त्यांचा चेहरा बघितला नव्हता, आवाजावरून ओळखायचो. मास्क काढला तेव्हा मी त्यांनाच विचारलं, 'काय पाहिजे, नवीन आलाय का इकडं?' आजींनी अजून माफ केलेलं नाही.

दुसरी लाट आली आणि ऐन लग्नसराईत दुकान बंद. अक्षय्य तृतीया शटरच्या आतच गेली. त्याबद्दल जास्त बोलत नाही, तुम्हा सगळ्यांच्या घरी तेव्हा यापेक्षा मोठी दुःखं होती.

मग जुलै २०२१. सांगलीकराला महापूर सांगावा लागत नाही. आयर्विन पुलाजवळ पाण्यानं पन्नास फुटांची पातळी ओलांडली. २०१९ ला याहून जास्त आलं होतं, म्हणून आम्ही जरा गाफील राहिलो, खरं सांगतो. रात्री माल माळ्यावर चढवायला सुरुवात केली. सचिन, इम्रान, तुकारामअण्णा आणि मी. कुकर, मिक्सर, नॉनस्टिकचे तवे, खोक्यातलं सगळं वर. पितळ खालीच ठेवलं. अण्णा म्हणाले, 'मालक, पितळेला पोहायला येत नाही, पण बुडून मरतबी नाही.' पहाटे गुडघ्याएवढ्या पाण्यातून हे तिघं घरी गेले. अण्णांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं होतं आणि ते त्यांनी रात्रभर मला सांगितलं नव्हतं. अण्णा, हे मला चार दिवसांनी कळलं. तेव्हा मी काही बोलू शकलो नाही. आज बोलतोय.

पाणी उतरल्यावर दुकान उघडलं तर गाळ. घागरी, हंडे, समया, ताम्हनं, पंचपात्री, सगळं चिखलात रुतलेलं आणि काळं पडलेलं. शांतामावशी आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, 'चिंच आणा.' मी म्हटलं किती? 'मिळंल तेवढी.' पाच दिवस इथं याच पायरीवर बसून चिंच, मीठ आणि राख घेऊन भांडी घासली. दुसऱ्या दिवशी बघतो तर मावशींच्या शेजारी चार बायका बसलेल्या. गिऱ्हाइकं! ज्यांच्या घरात पाणी आलं नव्हतं त्या आल्या होत्या. एक ताई म्हणाल्या, 'मागच्या वर्षी ही समई मला परवडली नाही, निदान घासून तरी बघते.' ती समई मी नंतर त्यांना खरेदीच्या भावात दिली. त्या ताई आज आल्यात, मला दिसतायत. तुम्ही म्हणाल मालकानं फुकट द्यायला पाहिजे होती. तेव्हा परवडत नव्हतं हो.

आणि वही. मंडळी, आम्ही रात्रभर कुकर वर चढवले आणि उधारीची वही गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये विसरलो. सगळ्यात महाग वस्तू तीच होती. ओली वही उघडली तर निळं पाणी. साधारण एक लाख चाळीस हजारांची उधारी, कुणाची किती ते एकालाही आठवेना. रेखा म्हणाली, 'काका, गिऱ्हाइकांना विचारूया का?' मी म्हटलं, लोकांच्या घरात चूल नाही पेटत, आणि आपण उधारी मागायची? नाही विचारायचं.

विचारलं नाही. लोकच आले. कुणी गौरी-गणपतीला, कुणी दिवाळीला, कुणी ऊसबिल मिळाल्यावर. 'तुमची वही गेली म्हणं, माझे सतराशे होते.' असं म्हणून पैसे काउंटरवर. एका पाहुण्यांनी सांगितलं तेवीसशे. मला अंदाज होता अठराशेचा, म्हणून अठराशेच घेतले. संध्याकाळी त्यांच्या बायकोनं पोराकडं पाचशे पाठवून दिले आणि निरोप दिला, 'हिशोब घरात माझ्याकडं असतो, त्यांच्याकडं नाही.' पुढच्या दिवाळीपर्यंत अकरा-बारा हजार सोडले तर सगळे पैसे परत आले. ते अकरा-बारा हजार ज्यांच्याकडं आहेत ते आज इथं असतील तर जिलेबी खाऊनच जा. नावं मला माहीत नाहीत आणि आता शोधायचीही नाहीत.

बघा, ज्यांचं आभार मानायचं त्यांची नावं कागदावर लिहून आणली होती, आणि तो कागद आत टेबलावर राहिला. आठवेल तसं बोलतो.

इम्रान. भांड्यावर नाव घालायचं मशीन चालवतो. अक्षर असं की नवरीचं नाव वाचून सासूनं गप्प बसावं. फक्त एकदा, सांगू का रे? एका घराच्या वास्तुशांतीच्या पंचाहत्तर वाट्या होत्या. याच्यापुढं चिठ्ठी मीच लिहून ठेवली होती, घाईत. सगळ्या पंचाहत्तर वाट्यांवर आलं, 'वस्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट'. चूक माझी. काम उभं राहिलं त्याला. रात्री अकरापर्यंत बसून त्यानं नवीन पंचाहत्तर वाट्यांवर नाव घातलं. जुन्या वाट्या आमच्याकडंच आहेत. आज चिवडा त्याच वाट्यांत मिळणार आहे. घरी घेऊन जा. तुमच्या वस्तू शांत राहतील.

सचिन. गिऱ्हाइकानं पातेलं हातात घेतलं की हा वजनाआधी जाडी सांगतो. स्वस्तातलं मागितलं तर स्वस्तातलं देतो, पण सांगून देतो, 'काकू, हे पातळ आहे, दूध लागेल.' मी आधी रागवायचो, अरे, आपलाच माल वाईट कशाला सांगतोस? आता नाही रागवत. त्याच काकू पुढच्या महिन्यात जाड बुडाचं न्यायला येतात.

रेखा. मोडीचा हिशोब तिच्याकडं. जुनं पितळ मोडीत देताना माणसाचा जीव तुटतो, आईची घागर असते, आजीचा तांब्या असतो. रेखा काटा गिऱ्हाइकाच्या बाजूला वळवून ठेवते आणि आधी विचारते, 'नक्की द्यायचंय ना?' तिच्या या प्रश्नामुळं आमची निम्मी मोड परत जाते. धंद्याला वाईट आहे. चालू दे.

कल्हईवाले चाचा दर गुरुवारी मिरजेहून येतात आणि त्या कोपऱ्यात भट्टी लावतात. तापलेल्या पातेल्यात नवसागर पडला, कथील फिरलं आणि आत चांदी चमकली की गल्लीतली पोरं अभ्यास सोडून येतात. चाचा, धुराची तक्रार एकदाच आली होती. तक्रार करणाऱ्यांनीच पुढच्या गुरुवारी चार पातेली आणली, म्हणून ती मिटली.

माझ्या बायकोनं सांगितलंय की तिच्याबद्दल बोलायचं नाही. म्हणून एकच वाक्य. पाटल्या २०२३ ला सोडवून आणल्या, आणि पुन्हा ठेवायची वेळ आली तर ती मला विचारणार नाही, स्वतःच काढून देईल, याची मला भीती वाटते.

आता ऑनलाइनचं. कुकर तिथं दोनशे रुपयांनी स्वस्त मिळतो, मला माहीत आहे. घ्या, माझा राग नाही. पण मग रिंग आणि शिट्टी बदलायला आमच्याकडं येताना कुकर पिशवीत लपवून का आणता? उघडा आणा. रिंग आम्ही त्याच भावात बसवून देतो.

यंदा घटस्थापनेपासून भांड्यांवरचा जीएसटी बाराचा पाच टक्के झाला. तो फरक बिलात दिसेल, दिसला नाही तर रेखाला विचारा. माझ्याकडून आणखी एक. दिवाळीपर्यंत पाच भांड्यांपर्यंत नाव घालायचे पैसे घेणार नाही. इम्रान, तू असा बघू नकोस, तुझी मजुरी मी देणार आहे.

आणि दुकानातल्या माणसांसाठी. यंदाचा बोनस दीड पगार, धनत्रयोदशीच्या आधी. त्याशिवाय दिवाळीनंतर महिन्यातून दोन रविवारी दुकान दुपारी दोनला बंद होईल. लग्नसराई सोडून. मी बावीस वर्षं नोकरी केली तेव्हा रविवारची दुपार कशी असते ते मला माहीत नव्हतं. माझी मुलगी लहानाची मोठी कधी झाली तेही नीट कळलं नाही. गिऱ्हाइकांनी त्या दोन दुपारी शटर वाजवू नका. वाजवलं तरी आजींशिवाय कुणासाठी उघडणार नाही.

झालं माझं. अण्णा, ताट पुढं आणा. आधी फोटो, मग जिलेबी, नाहीतर फोटोत सगळ्यांची बोटं चिकट दिसतील. मावशी, तुम्ही मधे या. मधे म्हटलं, कडेला नाही. आणि ही परात कुणीतरी धरा आता, मला आपट्याची पानं द्यायची आहेत. घ्या, सोनं घ्या.