घरगुती मसाल्यांच्या ऑनलाइन दुकानासाठी एसईओ की सशुल्क सर्च जाहिरात?

डिजिटल मार्केटिंग, असाइनमेंट 2

तुलनेसाठी घेतलेलं दुकान इंदूरच्या सुदामानगरात एक मराठी काकू घरून चालवतात. गोडा मसाला, मेतकूट, थालीपीठ-चकलीची भाजणी आणि पोह्यांवर भुरभुरवायचं जीरावन एवढाच माल. ग्राहक मुख्यतः इंदूर, देवास, भोपाळ, जबलपूरकडची मराठी घरं. पुण्याच्या माणसाला गोडा मसाला कोपऱ्यावर मिळतो, तो इंदूरहून कशाला मागवेल? पुढच्या हिशोबासाठी सरासरी ऑर्डर 450 रुपयांची धरली आहे. कच्चा माल, पॅकिंग, कुरिअर वजा जाता हातात 140 रुपये उरतात.

एसईओ फुकट आणि जाहिरात पैशाची, अशी विभागणी बरेचदा केली जाते. मला ती पटत नाही. एसईओला वेळ, फोटो आणि लिखाण लागतं, आणि काकूंचा वेळ फुकट नाही. खरा प्रश्न एका ऑर्डरमागे किती उरतं हा आहे.

जाहिरातीचा हिशोब

गूगल अ‍ॅड्समध्ये प्रत्येक शोधाच्या वेळी लिलाव होतो. तिथे फक्त जास्त बोली चालत नाही. जाहिरात शोधाशी किती जुळते आणि क्लिकनंतर उघडणारं पान कसं आहे, हेही मोजलं जातं. त्यामुळे छोट्या दुकानाला वाव आहे, पण गणित कडक आहे. एक क्लिक 5 रुपये धरू. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5.90. शंभरातल्या दोघांनी खरेदी केली तर एका ऑर्डरसाठी 50 क्लिक, म्हणजे 295 रुपये. हातात येणार 140. प्रत्येक ऑर्डरला 155 रुपयांची खोट! पैसे वसूल व्हायला शंभरात चारपेक्षा जास्त ग्राहक लागतील, किंवा तोच ग्राहक पुन्हा मागवणारा हवा. मसाला संपतोच, त्यामुळे दुसरी शक्यता अगदीच फोल नाही. पण ते पैसे सहा महिन्यांनी येणार आणि जाहिरातीचे आज जाणार.

त्यात कीवर्ड ब्रॉड मॅचवर सोडला तर रेसिपी शोधणाऱ्यांचे क्लिकही आपल्याच खिशातून जातात. म्हणून `recipe`, `kaise banaye`, `wholesale` हे निगेटिव्ह कीवर्ड पहिल्या दिवशीच घालायला हवेत. दैनिक बजेट 200 ठेवलं तरी एखाद्या दिवशी 400 पर्यंत खर्च होऊ शकतो. गूगल तो महिन्याच्या मर्यादेत बसवतं. हे काकूंना आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर सकाळी खर्च बघून धस्स होईल.

एसईओ कुठे चालेल

`jeeravan masala` या शब्दावर मोठे ब्रँड आणि मार्केटप्लेस ठाण मांडून बसलेले असतात. तिथे झटापट करण्यात अर्थ नाही. `metkut for toddlers`, `chakli bhajani online bhopal`, `goda masala without coconut` अशा लांब शोधांना माणसं कमी, पण ती नेमकं तेच हवं असणारी. सध्या वेबसाइटवर मेतकुटाच्या पानाचं शीर्षक नुसतं `Product 3` आहे आणि फोटो थेट मोबाइलमधून चढवलेला, काही एमबींचा. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा ही गूगलची अपेक्षा अशा फोटोने कशी पूर्ण होणार? शीर्षक बदलणं, फोटो लहान करणं, त्यात काय काय डाळी आहेत, किती दिवस टिकतं, लहान मुलाला भातावर किती घालावं, हे काकूंच्याच शब्दांत लिहिणं, ही दोन रविवारची कामं आहेत.

उशीर हा एसईओचा मोठा दोष. गूगलचं स्वतःचं म्हणणं आहे की परिणाम दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं. म्हणजे दिवाळीसाठी भाजणीचं पान जूनच्या आत चढायला हवं. आणि दिवाळी झाली की ते काढून टाकायचं नाही. दरवर्षी तोच पत्ता ठेवायचा, म्हणजे कमावलेली जागा टिकते.

प्रस्ताव

वर्षभर एसईओ. जाहिरात फक्त दिवाळीच्या फराळ-साहित्याच्या संचासाठी, कुरिअरला वेळ मिळावा म्हणून सण चार आठवड्यांवर आल्यापासून. 1,500 च्या संचावर 500 उरतात असं धरलं, तर 295 चा जाहिरातखर्च झेपतो. जाहिरात दिल्याने नैसर्गिक निकालांत वर चढता येत नाही, पण सर्च टर्म्स अहवालातून लोक नेमकं काय टाइप करून खरेदी करतात ते कळतं, आणि तेच शब्द पुढच्या पानांच्या शीर्षकांत घालता येतात.

थांबायचं कधी, हेही आधीच ठरवलं आहे: पहिल्या 200 क्लिकना जीएसटीसह 1,180 रुपये जातील. तेवढ्यात संचाच्या किमान 3 ऑर्डर आल्या नाहीत, तर मोहीम त्याच दिवशी बंद करायची आणि उरलेलं बजेट फोटोंवर घालायचं.