बिल क्र. 1147 : बिडाच्या डोसा तव्याचे पैसे परत मिळण्याबाबत

नमस्कार ताई,

तुमचा 27 ऑक्टोबरचा मेल आणि तीनही फोटो पाहिले. नवा तवा महिन्याच्या आत गंजला की वैताग येणारच. तरीही 4 ऑक्टोबरला घेतलेल्या या 11 इंची तव्याचे 1,450 रुपये आम्हाला परत करता येणार नाहीत.

कारण फोटोतच दिसतं. दुसऱ्या फोटोत गंज तव्याच्या एकाच बाजूला आहे आणि त्याची कड सरळ रेघेसारखी आहे. तवा सिंकमध्ये तिरपा, अर्धा पाण्यात राहिला की अशीच रेघ उमटते. मधला राखाडी डाग गंजाचा नाही. तिथला तेलाचा थर चिंचेने किंवा लिंबाने घासल्यामुळे निघालाय आणि डोसा चिकटतोय तोही तिथेच. ओतकामात दोष असता तर तडा, बारीक छिद्रं किंवा डुगडुगणारं बूड दिसलं असतं. असा दोष असेल तर वापरलेल्या तव्याचेही पूर्ण पैसे आम्ही देतो. एरवी पैसे परत मिळतात ते न वापरलेल्या वस्तूचे, सात दिवसांत. बिलाच्या मागे हे छापलेलं आहे.

मात्र बीड असं वाया जात नाही. तुमचा तवा घासून, पुन्हा मुरवून आम्हाला दुकानात डोसे दाखवायला वापरता येईल. म्हणून तो आणून दिलात तर यातलं एक करू:

तसाच दुसरा तवा, तेलाचे पाच थर देऊन मुरवलेला. वरचे पैसे नाहीत. थर द्यायला दोन दिवस लागतात, म्हणून आधी कळवा.

किंवा 1,450 रुपयांची क्रेडिट नोट, 30 एप्रिल 2026 पर्यंत चालणारी. तवा रोज धुऊन लगेच कोरडा करणं जमणार नसेल, तर खरं सांगायचं तर हीच घ्या. स्टीलची कढई वगैरे काहीही घेता येईल.

बदली तवा घेतलात तर धुतल्यावर मंद गॅसवर दोन मिनिटं ठेवून पूर्ण वाळवा आणि कापडाने तेलाचं बोट फिरवा. तेल जास्त झालं तर थर चिकट होतो. पहिले पंधरा दिवस टोमॅटो-चिंचेचं काही त्यावर करू नका. गरम तव्यावर गार पाणी तर कधीच नको, बीड तडकतं.

तवा आणाल तेव्हा तुमच्यासमोरच तपासू. ओतकामातला दोष निघाला तर पैसे तिथल्या तिथे परत. नाही तर वरच्या दोनपैकी एक, यात बदल होणार नाही. 15 नोव्हेंबरपर्यंत बिलासह या. सोमवारी दुकान बंद असतं.

आपले,
दुकानाचा तक्रार विभाग
29 ऑक्टोबर 2025