आपल्या गल्लीचा गणपती, शनिवार पेठ, पुणे : गणेशोत्सव २०२६

सप्रेम नमस्कार. यंदा बाप्पा सोमवार, १४ सप्टेंबरला येत आहेत आणि अनंत चतुर्दशी शुक्रवार, २५ सप्टेंबरला आहे. म्हणजे या वर्षी बाप्पांचा मुक्काम बारा दिवसांचा. एक दिवस जास्त म्हणून मुलं खूश आहेत आणि त्याच कारणाने खजिनदार जरा गप्प आहेत.

मूर्ती नेहमीप्रमाणे शाडूची, तीन फुटांची, पेणहून सांगितली आहे. उंची वाढवा ही सूचना यंदाही आली. मूर्ती वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत न्यावी लागली तर ती गेली पाहिजे, एवढंच आमचं उत्तर. पाऊस अडून बसला की काय करावं लागतं ते जुन्या रहिवाशांना वेगळं सांगायला नको.

यंदा पैशापेक्षा माणसं कमी पडताहेत. वर्गणी देणारे हात भरपूर आहेत, खुर्च्या उचलणारे मोजकेच. त्यामुळे पुढचा मजकूर वाचताना कार्यक्रम नुसते डोळ्यांखालून घातलेत तरी चालेल, स्वयंसेवकांसाठीचा भाग मात्र सावकाश वाचा.

कार्यक्रम

रोजची आरती सकाळी ८ आणि संध्याकाळी ७.३० वाजता. वेळ म्हणजे वेळ. "आम्ही येईपर्यंत थांबा" असा निरोप पाठवू नये. आरतीचा मान रोज एका घराला असतो आणि त्याची यादी मांडवात लावलेली असेल. तुमच्या दिवशी तुम्ही गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांशी अदलाबदल करा आणि कार्यवाहांना नुसतं कळवा. मंत्रपुष्पांजली घाईने गुंडाळायची नाही, ही ज्येष्ठांची तक्रार आम्ही मनावर घेतली आहे.

सोमवार, १४ सप्टेंबर : सकाळी ९.३० वाजता गल्लीच्या तोंडापासून मूर्तीचं आगमन, मुलींचं लेझीम पथक पुढे. ११.३० वाजता प्राणप्रतिष्ठा.

मंगळवार, १५ : ऋषिपंचमी. पहाटे ६ वाजता महिलांचं सामूहिक अथर्वशीर्ष पठण. सरावाला आला नसाल तरी या, छापील प्रत मिळेल. दीड दिवसाच्या घरगुती मूर्तींसाठी संध्याकाळी ५ ते ९ मांडवाशेजारी विसर्जनाची सोय.

बुधवार, १६ : संध्याकाळी ६ वाजता मुलांची चित्रकला स्पर्धा, तीन गट. कागद आम्ही देऊ, रंग घरून आणावेत. पालकांनी मांडवाबाहेर बसावं, कारण गेल्या वर्षी पहिल्या क्रमांकाच्या चित्रातला सूर्यास्त सहा वर्षांच्या हाताचा नव्हता हे परीक्षकांनाही दिसत होतं.

१७ ते १९ सप्टेंबर गौरींचे दिवस. गुरुवारी आवाहन, शुक्रवारी पूजन, शनिवारी विसर्जन. घरोघरी गडबड असते म्हणून मंडळाने मुद्दाम काही ठेवलेलं नाही. फक्त शुक्रवारी रात्री ८.३० नंतर मांडवात झिम्मा-फुगडी. पुरुष मंडळींनी त्या वेळी खुर्च्या मागे घेऊन द्याव्यात आणि मग स्वतःही मागेच बसावं.

रविवार, २० : सकाळी ९ ते १ रक्तदान शिबिर, ११ वाजता सत्यनारायण पूजा, दुपारी १२.३० पासून महाप्रसाद. मसालेभात, मठ्ठा, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, जिलेबी. कांदा-लसूण नाही. जमिनीवर बसून पंगत आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी टेबलांची एक रांग. अभ्यासिकेत बसणाऱ्या, खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांना आग्रहाचं बोलावणं. रविवारी संध्याकाळी बहुतेक खाणावळी बंद असतात हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून उरलेला मसालेभात ७ वाजता पुन्हा गरम करून वाढला जाईल. डबा आणलात तर डबाही भरून मिळेल.

सोमवार ते बुधवार, २१ ते २३ : संध्याकाळी अनुक्रमे बुद्धिबळ, मोदक स्पर्धा आणि गल्लीतल्याच कलाकारांचा गाण्यांचा कार्यक्रम. मोदक उकडीचेच हवेत, प्रत्येकी अकरा, आणि कळ्या किती पाडल्या यापेक्षा पारी किती पातळ आहे ते पाहिलं जाईल. साच्यातले मोदक चवीला कितीही छान असले तरी स्पर्धेत नाहीत. नंतर खायला मात्र चालतील.

गुरुवार, २४ : बक्षीस समारंभ आणि दहावी-बारावीच्या मुलांचं कौतुक. भाषणं नाहीत.

शुक्रवार, २५ : दुपारी ३ वाजता विसर्जन मिरवणूक. लेझीम, टाळ आणि एक ढोल. आपण लक्ष्मी रस्त्याला लागत नाही. गल्लीतून नदीकाठच्या घाटाकडे जाऊन महापालिकेच्या हौदात विसर्जन करतो आणि दिवे लागायच्या सुमाराला घरी येतो. मग ज्यांना मानाचे गणपती पाहायला जायचं त्यांनी खुशाल जावं.

आवाजाबद्दल

रात्री १० वाजता स्पीकर बंद. काही ठरावीक दिवशी प्रशासन रात्री १२ पर्यंत सवलत देतं, तरी आपण ती वापरत नाही. मांडवाच्या डोक्यावरच पहिल्या मजल्यावर नव्वदी ओलांडलेली दोन माणसं राहतात आणि दोघंही वर्गणी वेळेवर देतात. डीजे नाही. या विषयावरची चर्चा जुलैच्या सभेत झाली, मतदान झालं, विषय संपला.

वर्गणी आणि देणगी

वर्गणी स्वखुशीची. घरटी ५०१ रुपये द्यावेत अशी विनंती आहे, कमी दिलेत तरी पावती तितक्याच आदराने मिळेल. दुकानदारांकडून किती घ्यायचं याचा आकडा ठरवलेला नाही. विद्यार्थ्यांकडून वर्गणी मागायची नाही असं कार्यकर्त्यांना सांगून ठेवलं आहे. कोणी मागितलीच तर कार्यवाहांना सांगा.

वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घेतली आहे. तिची प्रत मांडवात काचेच्या चौकटीत लावलेली असेल. पावतीवर अनुक्रमांक, मंडळाचा शिक्का आणि खजिनदारांची सही पाहून घ्या. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका, अगदी ओळखीच्या कार्यकर्त्यालाही.

ऑनलाइन देणाऱ्यांसाठी क्यूआर कोड पावती पुस्तकाच्या मागच्या बाजूला आणि मांडवातल्या फलकावर आहे, इतरत्र कुठेही नाही. स्कॅन केल्यावर पडद्यावर मंडळाचं नाव दिसलं तरच पुढे जा, एखाद्या माणसाचं नाव आलं तर थांबा. खऱ्या कोडवर दुसरा कागद चिकटवण्याचे प्रकार शहरात होतात, म्हणून फलकावरचा कोड रोज सकाळच्या आरतीनंतर तपासला जातो. पैसे भरल्यावर स्क्रीनशॉट दाखवून पावती घ्या. या वर्गणीवर आयकरात ८० जी ची सवलत मिळत नाही.

वस्तू द्यायची असेल तर महाप्रसादासाठी तांदूळ ४० किलो, साखर २५ किलो आणि तेलाचे दोन डबे लागणार आहेत. साखर एका घराने कबूल केली आहे. तांदूळ सगळा एकाच प्रकारचा हवा, म्हणून पिशवी आणण्याआधी विचारा. चार घरचे चार तांदूळ एका पातेल्यात पडले की अर्धा भात गिच्च होतो आणि अर्धा कच्चा राहतो.

गेल्या वर्षीचा हिशोब. जमा : घरोघरची वर्गणी १,१२,४५० रुपये, दुकानदार ६८,०००, दानपेटी २१,३५०, एकूण २,०१,८००. खर्च : मांडव व वीज ५८,०००, महाप्रसाद ४७,५००, मिरवणूक ३६,०००, स्पर्धा व बक्षिसं १९,२००, मूर्ती १४,०००, फुलं व पूजासाहित्य ११,६००, छपाई, परवानग्या व किरकोळ ६,९००, एकूण १,९३,२००. शिल्लक ८,६०० रुपये. मिरवणुकीचे ३६,००० बाहेरच्या पथकाला गेले होते. यंदा लेझीम घरचंच असल्याने ही रक्कम वाचेल, आणि त्यातून गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बाकांची दुरुस्ती करावी असा सभेचा ठराव आहे.

स्वयंसेवक पाहिजेत

मांडव उभारणी, शनिवार-रविवार, ५ व ६ सप्टेंबर, सकाळी ७ पासून. बांबू आणि ताडपत्री मांडववाले बांधतात, आपल्याला पत्रे धरायला, वायरी ओढायला आणि चौथरा लावायला आठ जण हवेत. रस्त्याला खड्डा घ्यायचा नाही, बांबू वाळूच्या डब्यांत उभे राहतील. एका बाजूने रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोकळी ठेवायची आहे, म्हणून त्या दोन दिवसांत दुचाक्या नदीकडच्या बाजूला लावाव्यात.

रात्रीची राखण. ११ ते २ आणि २ ते ५ अशा पाळ्या, प्रत्येक पाळीला दोघे, वय अठरा पूर्ण. यातली २ ते ५ ची पाळी कोणालाच नको असते. या पाळीतल्यांना चहाचा थर्मास आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या कामातून सुटी. अजून सात रात्री रिकाम्या आहेत. समई आणि विजेची माळ यांच्यामध्ये हातभर अंतर राहतंय का, हे पाळी घेताना आधी पाहायचं, मग खुर्ची.

वाढपी, रविवार २० सप्टेंबर. सोळा जण. मठ्ठ्याला दोन आणि जिलेबीला मोजून एकच, तोही हात आवरणारा. भांडी घासायला बाई लावलेल्या आहेत, पण ताटं उचलून खरकटं वेगळं करायचं काम आपलं. पुरुषांची नावं या यादीत आतापर्यंत तीन आहेत.

घरगुती विसर्जन, १५ आणि १९ सप्टेंबर. शाडूच्या मूर्तींसाठी साध्या पाण्याचं पिंप, चार-सहा तासांत माती तळाला बसते आणि ती पुढच्या वर्षीच्या कार्यशाळेला वापरतो. पीओपीच्या मूर्तीसाठी अमोनियम बायकार्बोनेटचं वेगळं पिंप असेल. ही पद्धत आपल्या पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दिलेली. मूर्ती विरघळायला दिवस लागतात आणि अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून ते पिंप मांडवापासून लांब ठेवलं आहे. वरचं पाणी पातळ करून झाडांना खत म्हणून चालतं. हार, दूर्वा, कापूर-उदबत्तीची वेष्टनं मूर्तीबरोबर पिंपात टाकू नका, निर्माल्याचं पोतं बाजूलाच आहे. दोन्ही दिवशी चार-चार जण लागतील.

लेझीम पथकाचा सराव रोज संध्याकाळी ६ ते ७ वाड्याच्या अंगणात. मुली बावीस आहेत, लेझिमी अठरा. कोणाच्या माळ्यावर जुनी लेझीम पडली असेल तर गंज चढलेली असली तरी आणून द्या, झांजा आम्ही बदलून घेऊ.

नावं मांडवातल्या वहीत किंवा किराणा दुकानाच्या काउंटरवर ठेवलेल्या वहीत लिहावीत. "सांगा, येईन" असं तोंडी सांगितलेलं नाव धरलं जाणार नाही.

इतर सूचना

शाडूची मूर्ती करण्याची कार्यशाळा रविवार, ६ सप्टेंबरला दुपारी ४ वाजता, वय आठच्या पुढे. अंगावर जुने कपडे.

उत्सवानंतरची हिशोबाची सभा रविवार, ४ ऑक्टोबरला सकाळी १० वाजता मांडवाच्या जागी. पितृपक्ष असला तरी हिशोबाला हरकत नाही, असा गुरुजींचा निर्वाळा घेतला आहे.

गेल्या वर्षीच्या महाप्रसादानंतर मंडळाच्या कपाटात दोन पितळी पातेली, एक झारा आणि "कै. आईच्या स्मरणार्थ" असं कोरलेलं एक ताट राहिलं आहे. ताटावर नाव नाही. ओळख पटवून घेऊन जावं, २० तारखेला पंगतीसाठी ती जागा रिकामी लागणार आहे.