विषय: काजू प्रक्रिया यंत्राची मराठी पुस्तिका – काम सुरू करण्याआधी राहिलेल्या मूळ फाइली हव्यात

नमस्कार मिलिंद सर,

शुक्रवारी पाठवलेली लिंक मिळाली. फोल्डर उतरवून घेतलं आणि काल-आज बसून सगळ्या फाइली एकदा उघडून पाहिल्या. कामाची मागणी नऊ प्रकरणांची आहे, पण माझ्या हातात पूर्ण अशी सातच आली आहेत. शिवाय आकृत्या नाहीत आणि पॅनेलवरचा मजकूरही नाही. हे सगळं आल्याशिवाय मी भाषांतराला हात घालत नाहीये. का, ते खाली सांगते. आधी काय हवंय ते.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चौथं प्रकरण, बॉयलर आणि वाफवणी. अनुक्रमणिकेत ते `Manual_Ch04_Boiler_v3.idml` या नावाने आहे, पण फोल्डरमध्ये ती फाइलच नाही. तिसऱ्यानंतर थेट पाचवं येतं. सातव्या प्रकरणाचं वेगळंच झालंय. `Manual_Ch07_Peeling_v3.idml` उघडली तर आत सोलणीऐवजी सहाव्या प्रकरणातला ड्रायरचा मजकूर आहे, अगदी पान क्रमांकासकट. कुणीतरी सहावं सेव्ह करताना सातव्याचं नाव दिलं असावं. सोलणीचा खरा मजकूर तुमच्याकडच्या संगणकावर जुन्या तारखेच्या प्रतीत सापडेल असं वाटतं. पाठवताना एकदा उघडून पहिलं पान बघून घ्या, म्हणजे पुन्हा तोच गोंधळ नको.

`Drawings` या फोल्डरवर क्लिक केलं की परवानगी मागतंय. मी परवानगीची विनंती पाठवून ठेवली आहे, पण ती ज्या खात्यावर गेली ते बहुधा तुमच्या आधीच्या सहकाऱ्याचं आहे. कृपया तेवढं तुमच्या खात्यावरून उघडून द्या. आकृत्यांबद्दल एक खुलासा: मला चित्रं नुसती बघायला नको आहेत. पीडीएफमध्ये बाण काढून भागांची नावं लिहिली आहेत, ती चित्राच्याच आत आहेत, मजकुराच्या फाइलीत नाहीत. त्यामुळे मी मजकूर कितीही नीट केला तरी छापून आलेल्या पुस्तिकेत व्हॉल्व्हच्या बाजूला इंग्रजी नाव तसंच राहील. चित्रं ज्यात काढली ती मूळ फाइल मिळाली तर नावं मी त्यातच भरून देईन. ती नसेल तर चित्राचा क्रमांक आणि त्यावरची नावं एवढी एक एक्सेल यादी तुमच्या ड्रॉइंग विभागाकडून करून घ्या, तरी चालेल.

पॅनेलचं म्हणाल तर नवव्या प्रकरणात जागोजागी ‘पॅनेलवर संदेश आल्यास’ असं आहे. तो संदेश काय, कोणत्या भाषेत, किती अक्षरांत, याचा पत्ता नाही. टच-स्क्रीनवर मजकूर मराठीत येणार आहे की इंग्रजीतच राहणार आहे? इंग्रजीत राहणार असेल तर पुस्तिकेतही तो तसाच ठेवून शेजारी अर्थ द्यावा लागेल. नाहीतर मशिन अडकल्यावर बाई पुस्तिकेत एक शब्द शोधेल आणि समोर दिसेल दुसराच. मराठीत येणार असेल तर प्रोग्रॅम करणाऱ्यांकडून संदेशांची यादी आणि प्रत्येक ओळीची अक्षरमर्यादा मागवा. पॅनेलवर देवनागरी जोडाक्षरं नीट दिसतात का, हेही त्यांनाच विचारा. छोट्या स्क्रीनवर अनेकदा पाय मोडलेली अक्षरं दिसतात.

आता चौथ्या प्रकरणाविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण तुम्ही फोनवर म्हणालात की बाकीची प्रकरणं तोवर उरकून घ्या. एरवी मी तसं केलंही असतं. पण इथे एक आकडा अडतोय. पहिल्या प्रकरणातल्या तांत्रिक तक्त्यात सेफ्टी व्हॉल्व्ह ७ किलो प्रति चौरस सेंटिमीटरवर उघडतो असं आहे. नवव्या प्रकरणातल्या देखभालीच्या पानावर तोच व्हॉल्व्ह ११० पीएसआयवर उघडतो असं आहे. १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे साधारण १४.२ पीएसआय. या हिशेबाने ७ किलो म्हणजे जवळजवळ १०० पीएसआय होतात, ११० नाही. यातला खरा कोणता, हे बॉयलरच्या प्रकरणात असणार आणि तेच माझ्याकडे नाही. हा आकडा मी अंदाजाने घालणार नाही आणि तुम्हीही फोनवर तोंडी सांगू नका. तुमच्या अभियंत्याने तपासलेलं लेखी हवं. बॉयलरसमोर उभं राहणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

आणखी एक. पहिल्या प्रकरणात १९२३ च्या बॉयलर कायद्याचा उल्लेख आहे. तो कायदा जाऊन आता २०२५ चा बॉयलर कायदा आला आहे. चौथ्या प्रकरणात नोंदणी, तपासणी वगैरेची कलमं जुन्याच कायद्यातली असतील तर मूळ इंग्रजीतच आधी सुधारून घ्या. मी जुनी कलमं मराठीत आणली की ती पुन्हा बदलण्याचं काम दोघांच्याही डोक्याला होईल.

इंधनाचा भागही चौथ्यातच असावा. आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी काजूची टरफलंच जाळतात, लाकूड कमी. टरफलाच्या धुराने डोळे चुरचुरतात, चिमणीत काजळी धरते. तुमचा बॉयलर टरफलांवर चालतो का आणि चालत असेल तर राख काढण्याचा, चिमणी साफ करण्याचा वेगळा नियम आहे का, हे वाचल्याशिवाय मी देखभालीचं प्रकरण सुरू करू शकत नाही. दोन्हीकडे एकच सूचना दोन तऱ्हेने गेली तर वाचणाऱ्याने कुठली पाळायची?

पाचव्या, कटिंगच्या प्रकरणात हातमोज्यांबद्दल एकच ओळ आहे. ती सातव्या प्रकरणात विस्ताराने असेल असं मी धरून चालले होते. परवा इथे वेंगुर्ल्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात सहज जाऊन आले. हातापायाने चालवायच्या जुन्या कटिंग मशिनवर चार बायका बसल्या होत्या. बोटांची टोकं काळीभोर, शेजारी वाटीत खोबरेल. त्यातली एक म्हणाली, ‘काजीचो चीक लागलो काय हात भाजतत, मगे तेल लावचा.’ तुमच्या यंत्रात कटिंग आपोआप होतं हे ठाऊक आहे, पण अडकलेली बी काढायला हात घालावा लागणारच. टरफलातल्या तेलाचा इशारा सुरुवातीच्या सुरक्षा पानावर ठळक घ्यायचा का, हे विचारून कळवा. मूळ मजकुरात नसलेली ओळ मी माझ्या मनाने घालणार नाही, पण विचारणं माझं काम आहे.

आधीची मराठी पुस्तिका तुम्ही २०१९ च्या मॉडेलसाठी छापली होती असं कराराच्या वेळी म्हणालात. तिची पीडीएफ फोल्डरमध्ये आहे, पण ती जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. त्यातला मजकूर कॉपी केला की नुसती चिन्हं येतात. जुन्या गिऱ्हाइकांचे कामगार त्या पुस्तिकेतल्या शब्दांना सरावलेत, ते विनाकारण बदलायचे नाहीत, म्हणून ती मला वाचता येईल अशी हवी. मूळ टाइपसेटिंगची फाइल छापखान्यात असू शकते, तिथे विचारा. नसेल तर मी डोळ्याने वाचून शब्दयादी करीन. त्याचा अर्धा दिवस वेगळा धरावा लागेल.

प्रतवारीचं आठवं प्रकरण पाहिलं, ते ठीक आहे. डब्ल्यू १८०, २४०, ३२० हे ग्रेड बाजारात असेच बोलले जातात, ते तसेच ठेवते. विद्युत जोडणीच्या तिसऱ्या प्रकरणाविषयीही काही शंका नाही.

मांडणी करणाऱ्यांना एवढं सांगा की इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडलेला असावा. नाहीतर जोडाक्षरं फुटतील, वेलांट्या भलतीकडे जातील आणि दोष भाषांतराला लागेल. कोणता देवनागरी फॉन्ट वापरणार आहात तेही कळलं तर शेवटची तपासणी मी त्यातच करीन.

वेळेचं गणित असं आहे. मिळालेल्या सात प्रकरणांत सुमारे ११,४०० शब्द आहेत. मागणीत एकूण १६,००० धरलेत, म्हणजे राहिलेला भागही छोटा नाही. दर ठरल्याप्रमाणेच, राहिलेला मजकूर आला की शब्दांची अंतिम मोजणी तुम्हाला दाखवूनच बिल करीन. ५ जानेवारीला पूर्ण मजकूर द्यायचं ठरलं होतं, कारण फेब्रुवारीत नवी बी यायला लागली की कारखान्यांना पुस्तिका वाचायला उसंत नसते. ती तारीख पाळायची माझी तयारी आहे, पण सगळ्या फाइली शुक्रवार, १२ डिसेंबरपर्यंत आल्या तर. त्यानंतर जितके दिवस उशीर होईल तितके दिवस पुढे सरकतील. चौथं प्रकरण आणि दाबाचा आकडा एवढं जरी आधी आलं तरी मी पहिल्यापासून सुरुवात करीन, आकृत्या आणि पॅनेलची यादी आठवडाभर मागून आली तरी सांभाळून घेता येईल. उलटं मात्र नको.

फाइली पाठवताना प्रत्येक प्रकरणाची `idml` आणि त्याच आवृत्तीची पीडीएफ अशी जोडी पाठवा. आत्ता मजकूर `v3` आणि पीडीएफ `v2` अशी सरमिसळ आहे. दुसऱ्या प्रकरणात पायाच्या बोल्टची संख्या दोन्हींत वेगळी आहे, त्यामुळे अंतिम कोणती ते कळत नाही. सगळं एका झिप फाइलीत बांधून पाठवलंत तर उत्तम. लिंकवर सुट्ट्या पन्नास फाइली उतरवताना इथलं नेट मधेच बसतं.

काही विचारायचं असेल तर सकाळी दहा ते एक फोन करा, तेव्हा मी टेबलापाशीच असते. दाबाच्या आकड्याविषयी मात्र मेलच करा.

आपली,
स्नेहल
इंग्रजी–मराठी तांत्रिक भाषांतर
वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग

ता. क. – तुमच्या लेखा विभागाने आगाऊ रकमेसाठी पॅनकार्डची प्रत पुन्हा मागितली आहे. ती मी करारासोबत पाठवली होती, तरी या मेललाही जोडते आहे.