विषय: रेफरन्ससाठी तुमचं नाव देऊ का?

नमस्कार सर,

गणपतीत बोलणं झालं, त्यानंतर आज थेट कामच घेऊन आलेय. इथे नाशिकला, अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटी मॅनेजरच्या जागेसाठी माझ्या दोन मुलाखती झाल्या. आता त्यांना माझ्या आधीच्या साहेबांशी बोलायचंय. तुमचं नाव आणि नंबर देऊ का? तुमच्याकडे असं बोलायची परवानगी फक्त एचआरला असेल, किंवा तुम्हालाच नको वाटत असेल, तर सरळ नाही म्हणा. मी अजून कुणाला नंबर दिलेला नाही.

हो म्हणालात, तर गुरुवारी चारनंतर फोन करा असं त्यांना सांगते. तोवर तुमची प्रॉडक्शन मीटिंग आटोपलेली असते ना अजून?

आता थोडं आगाऊपणाचं. तुम्ही माझ्याबद्दल ‘मेहनती, प्रामाणिक’ असं म्हणाल, तेवढ्याने इथे भागणार नाही. त्यांच्याकडे इन्स्पेक्शनला माणसं आहेत. त्यांना हवाय तो छोट्या व्हेंडरच्या शॉपवर जाऊन त्याची प्रोसेस सुधारून घेणारा माणूस. म्हणून भोसरीच्या प्लेटिंगवाल्याची गोष्ट आठवली तर सांगा. ब्रॅकेटवर सॉल्ट स्प्रेमध्ये ९६ तासांच्या आतच पांढरा गंज यायचा, सगळे व्हेंडर बदला म्हणत होते, आणि तुम्ही मला तीन आठवडे तिकडे बसवलंत. पॅसिव्हेशनच्या टाकीचा पीएच दर शिफ्टला कुणी बघतच नव्हतं. नोंदीचा तक्ता मी लावला, पण तो रोज भरून घेतला त्यांच्या सुपरवायझरने. श्रेय तसंच वाटून सांगा. मुलाखतीत मीही तसंच सांगितलंय.

हुद्दा मात्र कागदावर होता तोच: सिनिअर इंजिनिअर, जून २०१९ ते ऑगस्ट २०२३. शेवटचं वर्ष चार जणांची टीम मी बघत होते, ते वेगळं सांगितलंत तर चालेल. प्रेमापोटी ‘मॅनेजर’ म्हणू नका, पडताळणीत अडकेन.

उणीव विचारतीलच. माझे एट-डी रिपोर्ट उशिरा यायचे, हे तुम्ही दर अप्रेझलला लिहिलंत, तेच सांगा. पुढे सुधारलं असं वाटत असेल तरच तसं म्हणा. नोकरी सोडली ती सासूबाईंच्या आजारपणामुळे, हे मी त्यांना सांगितलंय. तुम्हाला लपवायची गरज नाही.

बोलणं बहुतेक इंग्रजीत होईल. त्यांच्या एचआरच्या बाई चेन्नईच्या आहेत. जाहिरात आणि माझा बायोडेटा सोबत जोडलाय. जाहिरातीतला तिसरा मुद्दा तेवढा वाचा, बाकीचा नेहमीचा मसाला आहे.

बुधवारी सकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर नुसतं हो किंवा नाही पाठवलंत तरी पुरे. मॅडमना नमस्कार.

तुमची,
सुजाता