मृण्मयी आजपासून आपल्या टीममध्ये

अनघा, सकाळी 9:10

सुप्रभात मंडळी. गेले तीन महिने जिची वाट बघत होतो ती टेस्टर आज आली. मृण्मयी, मनापासून स्वागत! ती आता या ग्रुपमध्ये आहे, `@mrunmayi` असं टाइप केलं की सापडेल. नावात 'ण' आहे, 'न' नाही. बोलताना आणि लिहिताना, दोन्हीकडे नीट घेऊया.

मृण्मयी सहा वर्षं टेस्टिंग करते आहे. सुरुवात ग्रंथालयांच्या देवघेवीच्या सॉफ्टवेअरपासून, नंतर बिलिंग. आपल्याकडे ती भेटीच्या वेळा आणि स्मरणाचे एसएमएस हा सगळा भाग बघेल. म्हणजे पेशंटने वेळ घेतल्यापासून तो दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत जे काही चुकू शकतं, ते सगळं.

तिला का घेतलं हे सांगायचा मोह आवरत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलाखतीत मी आपला एसएमएसचा एक मजकूर दिला आणि म्हटलं, तपासून बघ. आमच्या हिशेबाने त्यात काहीच चूक नव्हती. नावाच्या जागी 'सीमा' घातलं होतं आणि एकूण मोजणी 65 येत होती. देवनागरी मजकूर असला की एका एसएमएसमध्ये 70 मावतात (इंग्रजीत 160), त्यामुळे पाच जागा शिल्लकच होत्या. तिने मजकूर वाचला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सीमा सोडून दुसरं कुठलं नाव घालून बघितलंय का?" आणि स्वतःच 'ज्ञानेश्वरी' लिहिलं. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. पण ज, हलन्त, ञ, काना असं सुटं सुटं मोजत गेलं की अकरा होतात. 65 चे 72 झाले आणि एका मेसेजचे दोन झाले. वर तिने हेही सांगितलं की तुकडे पडले की प्रत्येक तुकड्यात 70 नाही, 67 च मावतात, कारण तुकडे पुन्हा जोडायची खूण आत जागा खाते.

कागदावर पेन्सिलीने एकेक मात्रा सुटी करून मोजत होती ती. तो कागद मी जपून ठेवलाय. आपल्या यादीत जोडाक्षरांची लांब नावं किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे, आणि महिन्याअखेरीला एसएमएसचा आकडा अंदाजापेक्षा जास्त का येतो याचं कोडं आपण किती दिवस सोडवत बसलो होतो तेही.

आता कामाचं.

लॅपटॉप, मेल आणि तिकीट बोर्ड तयार आहे. स्टेजिंगचं लॉगिन काल रात्री निनादने चालू करून दिलं, डेटाबेस सध्या फक्त वाचण्यापुरता. पहिले दोन आठवडे रेवती तिच्यासोबत असेल. रेवती सपोर्टला असल्यामुळे पेशंटची खरी तक्रार कुठल्या शब्दांत येते ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, आणि मृण्मयीला आधी तेच ऐकायचंय. गुरुवारच्या रिलीजला ती फक्त बघेल. त्या दिवशी तिच्या नावावर एकही तिकीट टाकू नका, कितीही छोटं असलं तरी.

तिची वेळ सकाळी 8 ते दुपारी 4. चारनंतर मेसेज टाकायला हरकत नाही, पण उत्तर दुसऱ्या दिवशी येईल असंच धरून चाला.

आणखी एक, हे तिनेच सर्वांना सांगायला सांगितलंय. तिला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. कॉलवर एका वेळी एकानेच बोलायचं, कॅप्शन चालू ठेवायचे, आणि समोर बसलो असू तर तिच्या डाव्या बाजूला बसायचं. खरं तर एका वेळी एकाने बोलायची सवय आपल्या सगळ्यांनाच हवी आहे.

मृण्मयी, तुझ्यासाठी एकच सांगणं. प्रश्न इथे ग्रुपवर विचार, एकेकाला वेगळं गाठून नको. माझ्या पहिल्या नोकरीत तीन दिवस माझी कुणाशी ओळखच करून दिली नव्हती. कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे हे विचारायलाही मी कचरत होते, आणि त्यात एक जुनी फाइल चालू समजून दोन दिवस काम केलं. इथे तसं होऊ द्यायचं नाहीये मला. "हे आधी कुणी सांगितलं असेल, पण..." असं लिहायचीही गरज नाही. थेट विचार.

साडेअकराला पंधरा मिनिटं सगळे कॉलवर या. हुद्दा सांगू नका. आपण काय करतो आणि काय अडलं की आपल्याकडे यायचं, एवढंच सांगा.

तेजस, 9:14

स्वागत मृण्मयी! स्क्रीन माझ्याकडे. बटण दिसतंय पण दाबलं जात नाही, अक्षरं एकमेकांवर चढलीत, असं काहीही असेल तर स्क्रीनशॉट टाक आणि फोनचं मॉडेल लिही. बाकी मी बघतो.

सुहास, 9:16

ये गं मृण्मयी. एसएमएस पाठवणारा कोड मीच लिहिलाय, त्यामुळे ज्ञानेश्वरीचा किस्सा ऐकून त्याच दिवशी मोजणी बदलली. आता नाव भरल्यानंतर मोजतो, आधी नाही. पण एकदा तुझ्या नजरेखालून जायला हवं. मला तपासणारं माणूस मिळालं याचा फार आनंद झालाय.

रेवती, 9:21

मृण्मयी, मी 9:45 ला कॉल करते, चालेल ना? आज काही शिकवणार नाही. काल आलेल्या तक्रारी दोघी मिळून वाचू. एका आजींनी लिहिलंय की मेसेज अर्धा आला, वेळ दिसलीच नाही. त्या पहाटेच येऊन बसल्या होत्या. तिथूनच सुरू करू.

निनाद, 9:23

स्वागत! लॉगिन चालतंय का ते एकदा सांग. पहिल्यांदा पासवर्ड बदलायला सांगेल, तो बदलल्यावर पान एकदा रिफ्रेश कर, नाहीतर परत तिथेच आणून सोडतं.

मृण्मयी, 9:31

सर्वांना नमस्कार, आणि मनापासून आभार. नव्या जागी पहिल्या दिवशी पोटात गोळा येतोच, तो हे सगळं वाचून बराच विरला. कानाचं इतक्या साधेपणाने सांगितलंत अनघाताई, त्याबद्दल वेगळे आभार. दर कॉलला नव्याने सांगायचं म्हणजे दमायला होतं.

निनाद, लॉगिन झालं, रिफ्रेशचं आधी सांगितलंस ते बरं केलंस. रेवती, 9:45 नक्की. त्या आजींचा मेसेज कुठल्या फोनवर आला होता ते कळेल का? आणि त्यांचं पूर्ण नाव मोजून बघायचंय.

सुहासदादा, मोजणी बघायला आवडेल.

थेट विचार म्हणालात, म्हणून पहिला प्रश्न: स्टेजिंगवर पेशंटची जी नावं दिसतात, ती कुठून येतात? चाळून बघितली तर सगळी दोन-तीन अक्षरांचीच आहेत.

निनाद, 9:34

ती यादी माझी. चाळीस नावं आहेत, सुरुवातीला हाताने टाइप केली होती आणि तेव्हापासून तीच आहेत. लांब नावं, जोडाक्षरं, मधलं नाव, काहीच नाही त्यात. साडेअकराच्या कॉलनंतर मी ती फाइल तुझ्यासोबत उघडतो, तू नावं सांग, मी भरतो.

अनघा, 9:35

तिकीट मी काढते. निनादच्या नावावर.