बक्षीसपत्र : डोंबिवलीचा फ्लॅट लेकीच्या नावावर, तहहयात हक्क आईवडिलांकडे

हे बक्षीसपत्र आज सोमवार, १६ जून २०२५ रोजी डोंबिवलीला केलं. देणारे आम्ही दोघं, विनायक रघुनाथ साठे, वय ७१, रिटायर्ड, आणि सुनंदा विनायक साठे, वय ६६, घरकाम, दोघंही राहणार फ्लॅट नंबर ९, तिसरा मजला, पारिजात बिल्डिंग, डोंबिवली पूर्व, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे. घेणारी आमची मुलगी मेघना, लग्नानंतरचं नाव मेघना संदीप जोगळेकर, वय ४१, नोकरी, राहणार ठाणे. संमती देणारा आमचा मुलगा अमोल विनायक साठे, वय ३८, राहणार पुणे. चौघांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स मागे जोडल्यात. कागद मुद्दाम घरात बोलतो तसा लिहिलाय, कारण यातला प्रत्येक शब्द सुनंदाला आणि मला वाचून कळला पाहिजे, नुसता ऐकून मान डोलवायची नाही असं आमचं आधीच ठरलं होतं.

१. फ्लॅट कुठून आला

हा फ्लॅट आम्ही १९९४ साली रजिस्टर्ड कराराने घेतला, दोघांच्या नावावर. पैसे विनायकच्या प्रॉव्हिडंट फंडातले, थोडं लोन आणि सुनंदाच्या चार पाटल्या मोडून आलेले. लोन कधीच फिटलं, बँकेचा कागद जोडलाय. वडिलोपार्जित पैसा यात एक रुपयासुद्धा नाही, म्हणून तो आमच्या दोघांच्या स्वकमाईचा आहे आणि कोणाला द्यायचा ते ठरवायचा अधिकार आमचाच आहे. फ्लॅटवर गहाण, कोर्टकेस, विक्रीचा करार, जप्ती असं काही नाही.

कार्पेट ५४० चौरस फूट, दोन खोल्या, किचन, पूर्वेला गॅलरी. जागेचा सर्व्हे नंबर आणि हद्दी १९९४ च्या करारातल्या परिशिष्टाप्रमाणे, त्याची नक्कल या दस्ताचाच भाग समजायची. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट नंबर ९, शेअर ४१ ते ४५, हेही फ्लॅटसोबत दिले. आजची सरकारी दराने किंमत ४८,६०,००० रुपये, ती फक्त स्टॅम्पसाठी लिहिली, मेघनाने एक पैसाही दिलेला नाही आणि आम्ही घेतलेला नाही.

२. बक्षीस आजपासून

प्रेमापोटी, खुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय आम्ही या फ्लॅटची मालकी मेघनाला आज देत आहोत. आमच्यानंतर नाही, आजच. हे मृत्युपत्र नाही. मालकी आजच तिची झाली आणि आम्ही गेल्यावर तिला वारस म्हणून कुठे अर्ज करत फिरायचं नाही. मात्र ती कलम ४ मधल्या आमच्या हक्काला बांधील राहून मालक झाली आहे. तो हक्क आम्ही दिलेलाच नाही, तो आमच्याकडे राखून ठेवूनच उरलेलं दिलं आहे.

३. मेघनाचा स्वीकार

मी मेघना, हे बक्षीस आईबाबा हयात आणि शुद्धीवर असताना आजच स्वीकारते. कलम ४ ते ८ मी दोनदा वाचली, बाबांसमोर मोठ्याने वाचली, त्यातल्या अटी मान्य करूनच सही करते आहे. या अटी नसत्या तर त्यांनी मला फ्लॅट दिला नसता हेही मला माहीत आहे.

४. आमचा तहहयात हक्क

(अ) आम्ही दोघं जिवंत असेपर्यंत, आणि एक गेल्यावर दुसरा जिवंत असेपर्यंत, अख्ख्या फ्लॅटमध्ये राहायचा, तो वापरायचा, पाहुणे ठेवायचा, मदतनीस ठेवायचा हक्क आमचा. अख्ख्या म्हणजे अख्ख्या. एक खोली तुमची आणि बाकीची आमची असं पुढे कोणी म्हणायचं नाही. गॅलरीतली तुळस आणि किचनमधला देव्हारा जिथे आहे तिथेच राहील, तो हलवायचा असेल तर सुनंदाला विचारून. छोटी गोष्ट वाटेल पण घरातून माणूस बाहेर पडायची सुरुवात अशाच छोट्या गोष्टींनी होते म्हणून लिहून ठेवली.

(ब) आम्हाला पुढे दवाखान्यात, अमोलकडे किंवा वृद्धाश्रमात राहावं लागलं तरी हक्क संपत नाही. कितीही महिने कुलूप असलं तरी आम्ही फ्लॅट सोडला असा अर्थ काढायचा नाही. त्या काळात फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि भाडं आमच्या खात्यात घ्यायचा हक्क आमचा. भाडेकरार एकावेळी ११ महिन्यांचाच करू, त्यावर मेघनाला माहिती देऊ, संमतीची गरज नाही.

(क) हा हक्क आमच्या अंगाचा आहे, तो आम्ही विकणार नाही, गहाण ठेवणार नाही, कोणाला देणार नाही. आणि सोडायचा असेल तर फक्त रजिस्टर्ड दस्ताने, आम्ही दोघं हयात असलो तर दोघांनी स्वतः दुय्यम निबंधकासमोर हजर राहून. घरी बसून घेतलेली सही, साधा किंवा नोटरी केलेला कागद, आम्ही दिलेलं कुलमुखत्यारपत्र, यातल्या कशानेही हक्क सुटणार नाही.

(ड) मेघनाने फ्लॅट कधीच विकायचा नाही अशी अट आम्ही घालत नाही, मालक केलं आणि विकायला कायमची बंदी घातली तर तशी बंदी कायद्यात टिकत नाही. पण आमच्या हयातीत विक्री, गहाण, भाडं, बक्षीस काहीही करायचं असेल तर ते आमचा हक्क ठेवूनच होईल, त्या दस्तात आमच्या हक्काचा उल्लेख करावा लागेल आणि घेणाऱ्याला या बक्षीसपत्राची प्रत द्यावी लागेल.

(इ) रिडेव्हलपमेंट. बिल्डिंग ३० वर्षांची झाली, सोसायटीत दर मीटिंगला विषय निघतो, म्हणून हे नीट लिहितो. करारावर मालक म्हणून सही मेघना करेल, सोबत हक्कदार म्हणून आम्ही करू. बिल्डरकडून मिळणारं महिन्याचं भाडं, सामान हलवायचा खर्च आणि ब्रोकरेज आमच्या खात्यात, कारण घर आम्ही खाली करणार आणि दुसरीकडे भाड्याने आम्ही राहणार. कॉर्पस मिळाला तर आमच्या दोघांच्या आणि मेघनाच्या अशा जॉइंट खात्यात ठेवायचा, व्याज आम्ही घेऊ, मुद्दल आमच्या पश्चात तिचं. नवीन फ्लॅट मेघनाच्या नावावर होईल आणि याच कलमातला तहहयात हक्क त्या नवीन फ्लॅटला जसाच्या तसा लागू होईल, वेगळा कागद केला नाही तरी.

५. खर्च

सोसायटीचा मेंटेनन्स, लाइट, गॅस आम्ही भरू, जोपर्यंत पेन्शन पुरते तोपर्यंत. महापालिकेचा मालमत्ता कर आणि मोठी दुरुस्ती, म्हणजे गळती, प्लंबिंग, सोसायटीने काढलेला दुरुस्तीचा जादा हप्ता, हे मेघना भरेल. या दस्ताची स्टॅम्प ड्युटी मुलीला राहतं घर बक्षीस देताना लागते ती २०० रुपये आणि त्यावरचा अधिभार, फी वगैरे जे काही ते तीच भरते आहे.

६. आमची काळजी

आम्ही दोघंही कायद्याने ज्येष्ठ नागरिक आहोत. हे बक्षीस आम्ही या स्पष्ट अटीवर देत आहोत की मेघना आमच्या मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा बघेल. म्हणजे राहायला हेच घर, दोन वेळचं जेवण आमचं आम्हाला जमेनासं झालं तर त्याची सोय, औषधं, डॉक्टर, ॲडमिट व्हायची वेळ आली तर दवाखान्यात माणूस आणि मेडिक्लेमवरचा खर्च, आणि गरज पडली तर दिवसाची बाई. तिने नोकरी सोडून इथे यावं अशी अट नाही. माणूस लावून केलं तरी चालेल, करणं महत्त्वाचं. ही अट आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ च्या कलम २३ मध्ये जी अट म्हटली आहे तीच समजायची.

७. बक्षीस कधी रद्द होईल

आमचं मन बदललं, भांडण झालं, जावयाशी पटलं नाही, दुसऱ्या मुलाची माया जास्त आली, यातल्या कशावरही आम्ही हे रद्द करू शकत नाही. देणाऱ्याच्या नुसत्या मर्जीवर रद्द होणारं बक्षीस मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १२६ प्रमाणे मुळातच टिकत नाही, आणि आम्हाला तसं देऊन न दिल्यासारखं करायचंही नाही. खालच्या घटना आमच्या मर्जीवर नाहीत आणि त्या घडल्या तरच रद्द, असं आमचं आणि मेघनाचं ठरलं आहे.

पहिली : आमच्यापैकी कोणी हयात असताना मेघना आणि तिची मुलं-नातवंडं कोणीच हयात राहिलं नाही तर फ्लॅट आमच्याकडे परत येईल. देव करो आणि हे कलम वाचायची वेळ न येवो. मेघना गेली पण तिचं मूल मागे असेल तर बक्षीस रद्द होणार नाही, फ्लॅट तिच्या वारसांकडे जाईल आणि कलम ४ त्यांना तसंच्या तसं बांधील राहील.

दुसरी : कलम ६ मधलं काही तिने नाकारलं किंवा केलं नाही, आम्हाला घराबाहेर काढलं, कुलूप बदललं, लाइट-पाणी तोडलं किंवा तिच्या सांगण्यावरून कोणी हे केलं तर.

तिसरी : आमचा तहहयात हक्क लपवून तिने फ्लॅट विकला किंवा गहाण ठेवला तर.

दुसऱ्या-तिसऱ्या घटनेत आधी आम्ही रजिस्टर्ड पोस्टाने लेखी नोटीस देऊ, काय झालं ते स्पष्ट लिहून. मिळाल्यापासून ६० दिवसांत तिने ते दुरुस्त केलं तर विषय संपला. घराबाहेर काढलं असेल तर मात्र मुदत ७ दिवस. नाही केलं तर आम्ही बक्षीस रद्द करू शकतो आणि मेघनाने १५ दिवसांत आमच्यासोबत रद्दपत्र रजिस्टर करून द्यायचं. तिने सही दिली नाही तर आम्ही प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे किंवा दिवाणी कोर्टात जाऊ, एकतर्फी कागद करून मोकळे होणार नाही. एक जण गेला असेल किंवा अंथरुणाला खिळला असेल तर दुसऱ्याला एकट्याने हा हक्क वापरता येईल. आम्ही दोघंही गेल्यावर रद्द करायचा हक्क संपला, तो अमोलला किंवा कोणालाच वारशाने मिळणार नाही.

८. सोसायटी आणि नोंदी

शेअर सर्टिफिकेट मेघनाच्या नावावर करायला आम्ही फॉर्मवर आजच सह्या दिल्या. ट्रान्सफरच्या अर्जासोबत या दस्ताची प्रत आणि आमच्या तहहयात हक्काची नोंद करायचं पत्र द्यायचं. लाइट बिल आमच्याच नावावर राहील.

९. अमोलची संमती

मी अमोल. पुण्याच्या माझ्या घरासाठी आईबाबांनी २०१६ साली मला पैसे दिले, तेव्हा ताईने एक शब्द विचारला नव्हता. या फ्लॅटवर माझा आज हक्क नाही आणि पुढेही मागणार नाही. सगळी कलमं वाचून, राजीखुशीने सही करतो.

हे बक्षीसपत्र आम्ही पूर्ण शुद्धीत, आमच्या डॉक्टरांचं आजच्याच तारखेचं फिटनेस सर्टिफिकेट जोडून, खालच्या दोन साक्षीदारांसमोर सही-अंगठा करून दिलं. दस्त दुय्यम निबंधक, कल्याण यांच्याकडे रजिस्टर करायचा आहे. मूळ दस्त आमच्या कपाटात राहील, सर्टिफाइड प्रत मेघनाकडे.

देणार : विनायक रघुनाथ साठे, सुनंदा विनायक साठे
घेणार : मेघना संदीप जोगळेकर
संमती देणार : अमोल विनायक साठे
साक्षीदार १ : शरद गोविंद पाटील, शेजारी, फ्लॅट नंबर १०
साक्षीदार २ : मंगला अरुण कुलकर्णी, शेजारी, फ्लॅट नंबर ४